इअरफोन लावून गाताना आवाज ट्रॅकच्या मागे का पडतो आणि तो जागेवर कसा आणायचा

गाताना सगळं तालात वाटतं. रेकॉर्डिंग लावलं की आवाज प्रत्येक ओळीला ठेक्याच्या मागून येतो. नव्याने कराओके गाणारे बहुतेक जण या जागी एकतर स्वतःच्या तालाला दोष देतात किंवा अॅप बदलतात. दोन्हींची गरज नसते. आवाज किती मागे पडतोय हे मोजता येतं, आणि मोजलं की दुरुस्त करता येतं. त्यासाठी एक फोन, इअरफोन आणि वीस मिनिटं पुरतात.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, कारण ती न केल्यामुळेच सगळा गोंधळ होतो. 'लेटन्सी' म्हणून ज्या तक्रारी येतात त्या दोन प्रकारच्या असतात. पहिली: गाताना स्वतःचा आवाज इअरफोनमध्ये उशिरा ऐकू येतो आणि त्यामुळे गाता येत नाही. दुसरी: गाताना काहीच त्रास होत नाही, पण रेकॉर्ड झालेला आवाज ट्रॅकशी जुळत नाही. दोन्हींचं मूळ एक असलं तरी इलाज वेगळे आहेत. पहिलीचा इलाज गाण्याआधी करायचा असतो, दुसरीचा गाऊन झाल्यावर.

उशीर कुठे होतो

फोन आवाज सलग वाहून नेत नाही, त्याचे छोटे छोटे तुकडे करून नेतो. माइकमधून आलेला आवाज एका तुकड्याइतका साठला की तो पुढे जातो, अॅपमधून फिरतो, पुन्हा तुकड्यातुकड्याने बाहेर येतो. या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने घेणाऱ्या फोनमध्ये 256 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 5 मिलिसेकंद. हे एका बाजूचं झालं. येताना, जाताना आणि मधल्या प्रक्रियेत मिळून चांगल्या फोनवर 10 ते 30 मिलिसेकंद लागतात, साध्या फोनवर किंवा जड अॅपमध्ये त्याहून बरेच जास्त.

हा झाला वायरच्या इअरफोनचा हिशेब. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान केला जातो, हवेतून पाठवला जातो, इअरफोनमध्ये उलगडला जातो, आणि मध्ये तुटू नये म्हणून थोडा साठवूनही ठेवला जातो. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये एवढ्यातच 150 ते 250 मिलिसेकंद जातात. काही इअरफोनमध्ये 'गेम मोड' असतो, त्याने हा आकडा खाली येतो, पण गाताना स्वतःचा आवाज ऐकण्याइतका खाली बहुधा येत नाही.

एवढ्या उशिराने गळ्यावर काय होतं? साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत बहुतेकांना काही जाणवत नाही. 20-30 च्या पुढे काहीतरी खटकायला लागतं, नक्की काय ते सांगता येत नाही. 50 च्या पुढे स्वतःचा आवाज वेगळा, मागून आलेला ऐकू येतो. आणि 200 च्या आसपास तर माणूस बोलतानाही अडखळतो. संशोधक बर्नार्ड ली यांनी 1950 मध्येच हे दाखवलं होतं: माणसाला त्याचंच बोलणं सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास उशिराने ऐकवलं तर तो शब्द लांबवतो, अक्षरं पुन्हा उच्चारतो, थांबतो. म्हणजे ब्लूटूथवर स्वतःचा आवाज ऐकत गाताना जीभ जड होते, त्याचा सरावाशी काहीही संबंध नाही. मेंदू असाच चालतो.

पहिलं पाऊल: मॉनिटर बंद करा

कराओके अॅपमध्ये स्वतःचा आवाज इअरफोनमध्ये ऐकवणारी एक सोय असते. कुठे तिला मॉनिटर म्हणतात, कुठे इअर मॉनिटर, कुठे ऐकण्याच्या चिन्हासमोर नुसतं बटण असतं. ब्लूटूथ असेल तर ही सोय बंद करा, दुसरा विचार नको. काही अॅप ब्लूटूथ जोडलं की ती स्वतःच बंद करतात, म्हणून 'मला माझा आवाज ऐकूच येत नाही' अशी तक्रार येते. तो बिघाड नाही, अॅपने केलेली कृपा आहे.

वायरचे इअरफोन असतील तर चालू ठेवून पाहा. 'ट, ट, ट' असं तोंडाने पटपट म्हणा. प्रत्येक 'ट' एकच ऐकू आला तर ठीक. 'टट' असा दुहेरी ऐकू आला तर फोन किंवा अॅप संथ आहे, बंद करा. लांब 'आ' लावून ही परीक्षा करू नका, कारण लांब स्वरात उशीर लपतो. पण त्याच लांब स्वरात दुसरी एक खूण सापडते: आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटणं. हे थोड्या मिलिसेकंदांच्या उशिराचं लक्षण आहे. तुमचा आवाज कवटीच्या हाडांतून कानाला लगेच पोचतो आणि तोच थोडा मागून इअरफोनमधून येतो. दोन्ही मिसळताना काही स्वरकंपनं एकमेकांना खातात. आवाज वाईट झालेला नसतो, फक्त तुम्हाला तसा ऐकू येतो. रेकॉर्डिंगमध्ये हा पोकळपणा नसतो.

दुसरं पाऊल: एक कान मोकळा

मॉनिटर बंद केला की नवी अडचण उभी राहते. दोन्ही कानांत घट्ट बोंडं बसवली आणि ट्रॅक मोठा लावला, तर स्वतःचा सूर कळत नाही. इथे कानाची एक खोड समजून घ्या. कान बोटांनी बंद करून 'ऊ' म्हणा, मग 'आ' म्हणा. 'ऊ' डोक्यात घुमतो, 'आ' तितका घुमत नाही. कान बंद असला की हाडांतून आलेला खर्जाचा भाग बाहेर निसटू शकत नाही आणि कानाच्या नळीत साठतो, तोंड मिटतं घेऊन काढलेल्या 'ई' आणि 'ऊ'ला सगळ्यात जास्त. आवाजाचा तीक्ष्ण भाग, ज्यावरून सूर नेमका कळतो, तो मात्र हवेतून येत असतो आणि बोंडाने अडलेला असतो. परिणामी गाणाऱ्याला आपला आवाज भरदार वाटतो, पण सूर किंचित खाली-वर सरकलेला लक्षात येत नाही.

उपाय जुनाच आहे: एका कानातला इअरफोन काढा, किंवा कानाच्या कडेला सैल टेकवून ठेवा. ट्रॅक एका कानात, स्वतःचा आवाज दुसऱ्या मोकळ्या कानाने, हवेतून. या आवाजाला एक-दोन मिलिसेकंदसुद्धा लागत नाहीत, कारण हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो आणि तोंडापासून कान त्याहून जवळ आहे. जगातलं कुठलंही अॅप याच्या आत पोचत नाही. मला विचाराल तर नवख्या माणसाने पहिले काही महिने असंच गावं, मॉनिटरच्या मागे लागूच नये.

दोन बारीक गोष्टी सांभाळा. काढलेला इअरफोन माइकजवळ लोंबकळत ठेवू नका, त्यातून झिरपणारा ट्रॅक रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि मग आवाज हलवला की तो झिरपलेला ट्रॅकही हलतो, ठेका दुहेरी वाजतो. आणि एका कानाने ऐकताना ट्रॅक उजवा-डावा वेगळा मिसळलेला असेल तर अर्धी वाद्यं गायब होतात. फोनच्या सेटिंगमध्ये, बहुधा सुलभतेच्या विभागात, मोनो ऑडिओ चालू केला की दोन्ही बाजू एका कानात येतात.

ज्यांच्या इअरफोनमध्ये बाहेरचं ऐकवणारा मोड आहे, त्यांनी तो चालू करून दोन्ही कानांनी गाऊन पाहावं. तो आवाज इअरफोनमधल्या इअरफोनमध्येच फिरतो, फोनपर्यंत जाऊन परत येत नाही, म्हणून ब्लूटूथचा उशीर त्याला लागत नाही. बाहेरचा आवाज गाळणारा मोड मात्र गाताना बंदच ठेवा.

ट्रॅकचा आवाज किती ठेवायचा? साध्या आवाजात बोललात तर मोकळ्या कानाला स्वतःचं बोलणं ट्रॅकच्या वर स्पष्ट ऐकू यायला हवं. ट्रॅक मोठा असला की माणूस नकळत ओरडून गातो आणि वरच्या पट्टीत गळा आवळतो.

तिसरं पाऊल: माइक कुठला वापरला जातोय ते पाहा

हा सापळा फार जणांना कळत नाही. ब्लूटूथ इअरफोन लावून रेकॉर्डचं बटण दाबलं आणि ट्रॅक एकाएकी टेलिफोनवर वाजल्यासारखा झाला, तर अॅपने इअरफोनमधला माइक उघडला आहे. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये गाणं ऐकण्याची वाट आणि बोलण्याची वाट वेगळी असते. माइक उघडला की जोडणी फोन कॉलच्या वाटेवर जाते, दोन्ही दिशांचा आवाज अरुंद होतो आणि स्टिरिओ जातो. अॅपच्या सेटिंगमध्ये माइक निवडता येत असेल तर फोनचा माइक निवडा. निवडता येत नसेल तर त्या अॅपसाठी वायरचे इअरफोन वापरणं हाच मार्ग.

वायर घेताना फोनला गोल खाच नसेल तर जोडणीचा तुकडा लागतो. त्यातही दोन जाती आहेत: एकात डिजिटलचा आवाज करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि त्या काही फोनवर चालतच नाहीत. चिपवाला घ्या.

वायरवरच्या छोट्या माइकने गात असाल तर तो हनुवटीच्या खाली, तोंडापासून वीतभर आत, पण श्वासाच्या झोतात येणार नाही असा ठेवा. ओठांसमोर धरला तर 'प', 'फ', 'भ' फुटतात; कपड्यावर सोडला तर खरखर येते.

चौथं पाऊल: उशीर मोजा

आता दुसरी तक्रार. गाताना तुम्ही तालात होता, तरी आवाज मागे का पडला? क्रम असा: अॅपने ट्रॅकचा ठोका सोडला, तो ब्लूटूथमधून कानाला उशिरा पोचला, तुम्ही त्या पोचलेल्या ठोक्यावर बरोबर गायलात, तुमचा आवाज माइकमधून अॅपपर्यंत जायला आणखी थोडा वेळ लागला. जाण्याचा उशीर आणि येण्याचा उशीर, दोन्हींची बेरीज होऊन आवाज तितका मागे लिहिला गेला. ही बेरीज प्रत्येक ओळीला सारखी असते. म्हणून अॅपमध्ये दिसणारी रेकॉर्ड झालेल्या आवाजाची सगळी पट्टी तेवढीच डावीकडे सरकवली की काम होतं.

किती सरकवायची हे कानाने ठरवण्यापेक्षा मोजा. रेकॉर्ड झालेल्या आवाजाची आकृती दाखवणारं, दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवता येणारं कुठलंही अॅप चालेल. त्यात मेट्रोनोमची टिकटिक असलेला ट्रॅक ठेवा, मिनिटाला 60 ठोक्यांचा. 60 च का, तर दोन ठोक्यांमध्ये पूर्ण एक सेकंद राहतो आणि कुठला ठोका कुठल्याचा हा गोंधळ होत नाही. नेहमीचेच इअरफोन जोडा. मग गायचं नाही. इअरफोनचं बोंड, गाताना वापरणार त्याच माइकला टेकवून धरा आणि वीस-पंचवीस सेकंद रेकॉर्ड करा. ट्रॅकची टिकटिक इअरफोनमधून बाहेर येऊन माइकमधून परत आत जाते, म्हणजे तुमच्या आवाजाला जो प्रवास करावा लागतो तोच ती करते.

थांबवा आणि आकृती खूप मोठी करून पाहा. वरच्या पट्टीत टिकटिकीची उभी रेघ, खालच्या पट्टीत तीच रेघ थोडी उजवीकडे. दोन्ही रेघा जिथे सुरू होतात त्या जागा घ्या, त्यांची टोकं नाही. समजा पाचवा ठोका वर 4.000 सेकंदाला आहे आणि खाली 4.213 ला. फरक 213 मिलिसेकंद. दहावा आणि विसावा ठोकाही मोजा. 212, 214 असे आकडे आले तर उशीर स्थिर आहे, 213 धरा.

हे 213 गाण्यात किती होतात ते पाहा. मिनिटाला 90 ठोक्यांच्या ट्रॅकमध्ये एक ठोका 667 मिलिसेकंदांचा, म्हणजे आवाज जवळजवळ एक तृतीयांश ठोका मागे. समेवर पडायचा शब्द उघडच चुकलेला ऐकू येतो. वायरच्या इअरफोनवर हीच मोजणी 30-40 आली तर ऐकणाऱ्याला ती 'गायक जरा रेंगाळतोय' एवढीच जाणवेल, आणि म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

पाचवं पाऊल: सरकवा

आता गाणं रेकॉर्ड करा आणि आवाजाची पट्टी 213 मिलिसेकंद डावीकडे न्या. कराओके अॅपमध्ये गाऊन झाल्यावर आवाज पुढेमागे करणारी एक सरकपट्टी असते, तिच्यावर आकडा मिलिसेकंदात दिसतो. ती उलट्या दिशेला ओढली तर चूक दुप्पट होते, ते लगेच कळतं. अशा अॅपमध्ये स्वतःची मेट्रोनोमची फाइल घालता येत नसेल तर पहिल्या वेळी ठोके स्पष्ट असलेला ट्रॅक निवडा, त्याच्या सुरुवातीच्या संगीतावर टाळ्या वाजवा आणि सरकपट्टी टाळी-ठोका एक होईपर्यंत हलवा. टाळीने काढलेला आकडा थोडा कमी येतो, कारण ठोक्याबरोबर टाळी वाजवताना माणूस किंचित आधीच वाजवतो. वीस-तीस मिलिसेकंदांची ही चूक धरून चाला.

संगणकावर Audacity वापरत असाल तर ही दुरुस्ती एकदाच करून ठेवता येते. `Preferences` मध्ये `Audio Settings` इथे `Latency compensation` असा एक चौकोन आहे, त्यात मुळात `-130` असतं. म्हणजे रेकॉर्ड झालेली पट्टी तो आपणहून 130 मिलिसेकंद डावीकडे नेतो. वरची मोजणी करा. आवाज अजूनही 83 ने मागे दिसला तर चौकोनात `-213` लिहा. पुढे दिसला तर आकडा तितकाच शून्याकडे आणा. मोजणी पुन्हा करून फरक शून्याच्या जवळ आला का ते बघून घ्या.

कानाने तपासताना कुठल्या शब्दावर लक्ष ठेवायचं, हे सांगायला हवं. 'स' किंवा 'श' ने सुरू होणारा शब्द घेऊ नका. तालात गाणारा माणूस ठोक्यावर स्वर ठेवतो, आणि 'स'ची सीसी त्याच्या आधीच सुरू होते. आकृतीत तो शब्द ठोक्याच्या शंभरएक मिलिसेकंद आधी सुरू झालेला दिसला तरी गाणं अचूक असू शकतं. ती सीसी ठोक्यावर आणून ठेवली तर आवाज पुन्हा मागे पडतो. 'क', 'ट', 'प' ने सुरू होणारे, ठोक्यावर पडणारे शब्द घ्या.

आणि एक सवय लावून घेऊ नका: उशीर भरून काढायला मुद्दाम आधी गाणं. ते दर ओळीला वेगळं पडतं, आणि मग कुठलाच एक आकडा सगळं गाणं सरळ करू शकत नाही. कानात जो ठेका येतोय त्याच्यावर निर्धास्त गा, बाकी सरकपट्टीवर सोडा.

मोजणी जुळत नाही तेव्हा

पाचव्या ठोक्याला 213, विसाव्याला 240 असं आलं तर उशीर स्थिर नाही. ब्लूटूथ मध्ये अडखळला असेल. इअरफोन तोडून पुन्हा जोडा, फोन जवळ ठेवा, पुन्हा मोजा. ट्रॅक एका फोनवर आणि रेकॉर्डिंग दुसऱ्यावर करत असाल तर दोन्हींची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. लाखात पाच भागांचा फरकसुद्धा चार मिनिटांच्या गाण्यात 12 मिलिसेकंद होतो. सुरुवात जुळते आणि शेवट सुटतो, तेव्हा संशय इथे घ्या. ट्रॅक आणि आवाज एकाच उपकरणावर ठेवले की हा प्रश्न राहत नाही.

दोघांनी आपापल्या घरून इंटरनेटवर एकाच वेळी गायचं असेल, तर तिथे सरकवायला काही नसतंच, कारण उशीर दोघांच्या मधे असतो. अॅपमधली युगुलगीतं एकाने आधी गाऊन ठेवलेली असतात आणि दुसरा त्यावर गातो, ती रीत याचसाठी.

मॉनिटर हवाच असेल तर

गाताना थोडी घुमट आवाजात ऐकू आली की गळा मोकळा होतो, हे खरं आहे. त्यासाठी योग्य साधन म्हणजे ऑडिओ इंटरफेस, माइक आणि इअरफोन संगणकाला जोडणारी एक छोटी पेटी, जिच्यावर `Direct Monitor` असं बटण किंवा फिरकी असते. त्यात माइकचा आवाज संगणकात न जाता पेटीतूनच इअरफोनकडे वळतो, उशीर जाणवण्यासारखा राहतच नाही. ती चालू केली की संगणकातल्या सॉफ्टवेअरचा मॉनिटर बंद करायला विसरू नका. दोन्ही चालू राहिले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि दोष पेटीला दिला जातो.

पण पेटीतून आलेला आवाज कोरडा असतो. घुमट हवी असेल तर सॉफ्टवेअरमधून फक्त घुमट पाठवा: रिव्हर्बचा ओला भाग 100 टक्के, कोरडा शून्य. आवाज पेटीतून लगेच येतो आणि घुमट सॉफ्टवेअरमधून 20-30 मिलिसेकंद मागून येते. घुमटीला एवढा उशीर शोभतो, खऱ्या मोठ्या दालनातही भिंतीवरून परतणारा आवाज मागूनच येतो.

मोजलेला आकडा इअरफोनच्या नावासह लिहून ठेवा. तो त्या फोनचा, त्या इअरफोनचा आणि त्या अॅपचा मिळून असतो. इअरफोन बदलले, गेम मोड चालू-बंद केला, अॅपचं किंवा फोनचं मोठं अपडेट आलं, तर टिकटिक लावून पुन्हा मोजा.